बाळाला उचलताना दुखणारं मनगट: मुक्ताच्या गोष्टीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हाताच्या दुखण्यांवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. नव्या आया मनगट धरून येतात तेव्हा मी त्यांना आधी मुक्ताची गोष्ट सांगते आणि मग व्यायामाकडे वळते. गोष्ट ऐकून घरी गेल्यावर त्यांचे, त्यांच्या आयांचे, कधी नवऱ्यांचेही प्रश्न येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येत राहिले, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुक्ताची गोष्ट मैत्रिणीकडून अर्धवट ऐकली. पूर्ण सांगाल का?

मुक्ता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी कराडला आली. मुलगी झाली. पहिले दोन महिने तेल-आंघोळीला एक मावशी यायच्या, त्यामुळे मुक्ताकडे काम उरायचं ते दूध पाजणं आणि निजवणं एवढंच. मग मावशींचं येणं थांबलं आणि सगळं तिच्या हातात आलं. मुलगीही तोवर चांगली बाळसेदार झाली होती.

आठ-दहा दिवसांत डाव्या मनगटाची अंगठ्याकडची बाजू ठणकायला लागली. एकदा पहाटे पाळण्यातून मुलीला उचलताना अंगठ्याच्या मुळापासून कोपराकडे अशी कळ गेली की हात सुटतोय असंच तिला वाटलं. तिने मुलीला कसंबसं छातीशी आवळलं आणि खाली बसली. आई म्हणाली, "अगं, वारा लागलाय. ओल्या अंगाने फिरतेस. शेक घे." शेक झाला. मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून गुंडाळून झालं. तरी पक्कडीने चहाचं पातेलं उतरवता येईना, लंगोट पिळता येईना, आणि बाटलीचं झाकण फिरवायला नवऱ्याला हाक मारावी लागायची. रविवारी तो पुण्याहून यायचा, तोवर झाकण तसंच.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या ताईंनी मनगटाला हातही लावला नाही. आधी म्हणाल्या, "बाळाला आणलंयस ना? मग खाली ठेव आणि रोज उचलतेस तशी उचलून दाखव." मुक्ताने मुलीच्या दोन्ही काखांत हात घातले. अंगठे पुढे छातीवर, बाकीची बोटं मागे पाठीवर. उचलताना दोन्ही मनगटं करंगळीच्या दिशेने खाली वाकली आणि मुलीचं सगळं वजन ताणलेल्या दोन अंगठ्यांवर लोंबलं. ताई म्हणाल्या, "असंच धरून थांब." मुक्ताला तीन आकडेही मोजता आले नाहीत.

पुढचा सगळा वेळ उचलण्याच्या शिकवणीत गेला (ती प्रश्न ६ मध्ये आहे). घरी तीन जागा बदलायच्या होत्या: पाळणा, दूध पाजायची बैठक आणि आंघोळ. पाळण्याच्या कडा उंच होत्या. आत वाकून बाळाखाली हात सरकवणं जमायचंच नाही, काखेतूनच उचलावं लागायचं. म्हणून दिवसा मुलीला जमिनीवरच्या गादीवर निजवायचं ठरलं. आईला ते पटलं नाही. "पाळण्याची सवय मोडेल," म्हणाली. पण मुलीला उचलणारी दुसरी व्यक्ती तीच होती, तिचाही उजवा अंगठा अधूनमधून भरून यायचा, आणि दोन दिवसांनी तीही गादीशेजारी मांडी घालून बसून नातीला उचलू लागली.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही. मुक्ता कंटाळली, चिडली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहाटेची कळ जरा बोथट झाली. हातात अंगठा धरणारा पट्टा होताच. मग कळ रोज येईनाशी झाली, फक्त विसरून जुन्या पद्धतीने उचललं की यायची. साधारण दीड महिन्याने तिने एका सकाळी पातेलं पक्कडीने उतरवलं, आणि ते आधी आईच्या लक्षात आलं, तिच्या नाही.

२. ही खरी बाई आहे का?

नाही. मुक्ता हे नाव आणि तिचं घर गोष्टीपुरतं आहे. पण त्या गोष्टीतली प्रत्येक हालचाल मी कुणा ना कुणा आईच्या हातात पाहिलेली आहे.

३. मनगटात नेमकं दुखतं तरी काय? हाड सरकलंय का?

हाड जागेवरच असतं. अंगठा बाहेर ताणणारे आणि वर उचलणारे दोन स्नायू हाताच्या पुढच्या भागात असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने खाली अंगठ्यापर्यंत जातात. मनगटावर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, त्याच्यावर एक चिवट पट्टी आहे आणि दोन्ही कंडरा तिच्याखालच्या अरुंद बोगद्यातून सरकतात. सलवारीच्या नेफ्यातून नाडी सरकते तशी. नेफा आक्रसला किंवा नाडी जाड झाली की ती अडकते, ओढली की कापड चुरगळतं. इथेही बोगद्याचं अस्तर आणि वरची पट्टी जाड होते, कंडरेला सरकायला जागा उरत नाही आणि प्रत्येक ओढीला कळ उठते.

या दुखण्याला डी क्वेर्वेन टेनोसायनोव्हायटिस म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. नावातल्या 'आयटिस'चा अर्थ सूज असला तरी जुन्या दुखण्यात सूक्ष्मदर्शकाखाली सुजेपेक्षा पट्टीचं जाड होणं आणि झिजणंच जास्त दिसतं. सूज उतरवणारी नुसती गोळी घेऊन काम का भागत नाही, याचं एक कारण हेच. बोगद्यावरची ओढ थांबली नाही तर गोळी संपली की दुखणं परत हजर.

४. बाळंतपणानंतरच का? आणि माझ्या जावेला दोन मुलं होऊनही का झालं नाही?

दोन गोष्टी एकाच वेळी येतात. गरोदरपणात आणि नंतर शरीरातल्या हार्मोन्सचा तोल बदलतो, ऊतींमध्ये पाणी धरलं जातं, आणि मुळातच अरुंद असलेला बोगदा आणखी भरतो. त्याच काळात दिवसातून अनेकदा, अर्धवट झोपेत, एकच वजन एकाच पद्धतीने उचललं जातं, आणि ते वजन वाढतही असतं. सर्वसाधारण बाळाचं वजन चार-पाच महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं. हात मात्र तोच आणि पकडही तीच.

जावेला का नाही, याचं एक उत्तर तिच्या हाताच्या ठेवणीत असू शकतं. काहींच्या बोगद्यात मधोमध एक पातळ पडदा असतो, त्याने एकाचे दोन आणखी अरुंद कप्पे होतात. दुसरं उत्तर तिने बाळ कसं उचललं यात असेल. आणि हे फक्त आयांचं दुखणं नाही. नातवंडं सांभाळणाऱ्या आजी आणि बाळाला सतत घेऊन फिरणारे बाबाही याच तक्रारीने येतात. त्यांच्यात बाळंतपणाच्या हार्मोन्सचा भाग नसतो, पकडीचा असतो.

५. माझं दुखणं हेच आहे, हे घरी कसं ओळखू?

तीन गोष्टी जुळतात का पाहा. दुखणं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला आहे. तिथल्या हाडाच्या उंचवट्यावर बोटाने दाबलं की नेमकं तिथेच दुखतं, कधी किंचित फुगीरही लागतं. आणि अंगठा ताणून काही उचलताना किंवा पिळताना कळ येते.

इंटरनेटवर एक चाचणी सगळ्यांनी पाहिलेली असते: अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायचं. ती उपयोगी आहे, पण धडधाकट हातालाही त्यात थोडं ओढल्यासारखं होतं. म्हणून दुसऱ्या हाताशी तुलना करा, हळू वाकवा आणि एकदाच करा. "बरं झालं का" हे बघायला रोज चार वेळा ही चाचणी करणाऱ्या बायका मला भेटतात. रोज चार वेळा बोगद्यात तीच कंडरा ओढायची, आणि मग दुखणं का जात नाही म्हणून विचारायचं.

दुखण्याची जागा वेगळी असेल, मुंग्या येत असतील किंवा सकाळी बोटं आखडत असतील, तर प्रश्न १४ आधी वाचा.

६. मुक्ताला उचलायचं नेमकं कसं शिकवलं? पायरीपायरीने सांगा.

अंगठा ताणलेला आणि मनगट खाली लोंबलेलं, अशा अवस्थेत वजन घ्यायचं नाही. बाकी सगळं यातूनच येतं. लहान बाळ गादीवर उताणं आहे असं धरा.

आधी बाळाच्या अगदी जवळ जा. गादी जमिनीवर असेल तर शेजारी बसा, पलंगावर असेल तर एक गुडघा पलंगावर टेका. हात लांब करून उचललं की तेच वजन मनगटाला कितीतरी जास्त पडतं.

मग बाळाला हळूच आपल्या विरुद्ध कुशीवर वळवा. पाठीखाली जागा होते. एक हात मान आणि खांद्यांखाली सरकवा, दुसरा ढुंगणाखाली. दोन्ही तळवे वर, आणि अंगठा बाकीच्या बोटांना चिकटलेला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात कोन दिसला तर चुकलं. बायकांना सगळ्यात अवघड हेच जातं, कारण अंगठा आपोआप उघडतो. मुक्ताला सुरुवातीला अंगठ्याच्या नखावर लाल टिकली लावायला सांगितलं होतं. बाळाखाली हात घालताना टिकली बोटांपासून लांब दिसली की थांबायचं.

आता बाळाला तळव्यावर नाही, पुढच्या हातांवर घ्या. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात बाळाखाली गेला पाहिजे. मनगट सरळ, कोपरं वाकलेली. आधी मांडीवर घ्या किंवा छातीशी टेकवा, मगच उठा. बाळ छातीशी आलं की वजन धड आणि पाय घेतात.

ठेवताना हेच उलट. ठेवताना बायका घाई करतात, आणि झोपलेलं बाळ जागं होऊ नये म्हणून हात लांब करून, मनगट वाकवून, श्वास रोखून हळूहळू सोडतात. मनगटासाठी तो उचलण्याइतकाच वाईट क्षण. त्यापेक्षा बाळासकट खाली वाका, कोपर गादीला टेकवा आणि हात काढून घ्या.

७. बाळ आता मान धरतं, बसतं. मग काखेत धरून उचललं तर चालेल का?

मान धरू लागलेल्या बाळाला काखेत धरणं बाळाच्या दृष्टीने ठीक असतं, आणि म्हणूनच बरंच दुखणं या टप्प्यावर सुरू होतं किंवा परत येतं. दुखणं असेपर्यंत नको. बसलेल्या बाळाला एक हात ढुंगणाखाली आणि एक पाठीमागून दुसऱ्या काखेपर्यंत असं घेता येतं. भार ढुंगणाखालच्या हातावर, पाठीमागचा हात फक्त तोल सांभाळणारा.

कडेवर घेण्याबद्दलही इथेच सांगते. कडेवर बाळ असताना आपण त्याच्या मांडीखाली हात अडकवतो, मनगट आत वळवतो आणि अंगठ्याने मांडी धरून ठेवतो. बाळाचं ढुंगण पुढच्या हातावर बसवा, मनगट सरळ ठेवा आणि कड बदलत राहा. नेहमीच्या कडेची सवय तुम्हाला आणि बाळालाही असते, त्यामुळे दुसरी कड सुरुवातीला दोघांनाही आवडत नाही.

८. दिवसभर मी उचलतच नाही, फक्त पाजते. तरी का दुखतं?

पाजतानाच दुखतं म्हणून. बाळाचं डोकं तळव्यात घेऊन मनगट आत वाकवून छातीकडे ओढून धरणं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने व बोटांनी स्तन दाबून धरून ठेवणं, यात दोन्ही मनगटं वीस-पंचवीस मिनिटं एकाच ताणात अडकतात. कळ येत नाही म्हणून लक्षातही येत नाही. ती येते उठताना.

बाळाला आपल्या उंचीवर आणा, आपण बाळाकडे वाकू नका. मांडीवर उशी किंवा घट्ट गुंडाळलेली चादर ठेवून बाळ त्यावर निजवा. पाठीला लोड घ्या. डोकं कोपराच्या घडीत किंवा पुढच्या हातावर ठेवा, तळव्यात नको. बाळाने नीट तोंडात घेतलं की स्तन धरलेला हात सोडून बघा. बहुतेक वेळा धरून ठेवायची गरज उरत नाही. सुटत असेल तर हाताऐवजी खाली छोटा गुंडाळलेला टॉवेल ठेवा.

ढेकर काढताना बाळाला मांडीवर बसवून हनुवटी अंगठा आणि बोटांत धरायची पद्धत आहे. दुखणं असेपर्यंत खांद्यावरच घ्या. आणि खरं सांगायचं तर, पाजता पाजता मोकळ्या हातात मोबाइल धरून अंगठ्याने वर-खाली करणं हीदेखील त्याच दोन स्नायूंची कसरत आहे. फोन टेकवून ठेवून पाहता येतो.

९. तेल-आंघोळ मीच घालते. पायांवर घेऊन घालायची की टबात?

पायांवर घेऊन आंघोळ घालण्याची आपली पद्धत मनगटासाठी चांगली आहे, कारण बाळाचं वजन तुमच्या पायांवर असतं. अडचण फक्त शेवटच्या मिनिटाची. तेलकट, ओलं, रडणारं बाळ पायांवरून उचलताना घसरण्याच्या भीतीने अंगठे काखेत रुततात आणि पकड दुप्पट आवळली जाते.

मुक्ताने आईला त्या मिनिटापुरतं बोलवायला सुरुवात केली. आई हातांवर पंचा पसरून समोर उभी राहायची, मुक्ता बाळाला कुशीवर वळवायची आणि आई पंच्यासकट उचलायची. कुणीच नसेल तर पायाशेजारी सुक्या जागी पंचा आधीच पसरून ठेवा, बाळाला उचलण्याऐवजी पुढच्या हातांवरून सरकवत त्यावर घ्या, गुंडाळा, आणि मग प्रश्न ६ प्रमाणे उचला. कोरड्या कापडातलं बाळ घसरत नाही, म्हणून आवळावंही लागत नाही. टबातून बाळ काढताना मात्र हात लांब आणि अंगठे ताणलेले राहतात. टब ओट्यावर किंवा टेबलावर, कोपराच्या उंचीला असेल तरच तो सोयीचा.

मालिश करताना अंगठ्याने दाबत न जाता तळव्याने करा.

१०. क्रेप बँडेज बांधूनही फरक नाही. पट्टा कोणता घ्यावा?

क्रेप बँडेज आणि साधा मनगटाचा पट्टा, दोन्हींत अंगठा मोकळाच राहतो. दुखणं अंगठ्याच्या कंडरांचं आहे, त्यामुळे मनगट बांधून अंगठा हलत राहिला तर उपयोग जवळजवळ शून्य. दुकानात 'थंब स्पायका स्प्लिंट' मागा. त्यात मनगट आणि अंगठ्याचं मूळ धरलं जातं, अंगठ्याचं टोकाचं पेर मोकळं राहतं. ते पेर हलवता येत नसेल तर माप चुकलं आहे.

सुरुवातीचे दोन ते चार आठवडे तो शक्य तितका घालतात, दिवसातून काही वेळा काढून हात हळुवार हलवतात, मग हळूहळू कमी करतात. आंघोळ घालताना काढा, कारण ओल्या पट्ट्याने पकड घसरते. वेल्क्रोची खरखरीत बाजू बाळाच्या गालाला लागते, त्यावर मोजा कापून चढवला की काम होतं.

पट्टा घालून जुन्याच पद्धतीने उचलणाऱ्यांना दोन-तीन आठवडे बरं वाटतं. पट्टा निघाला की पुन्हा तेच, कारण हाताने नवं काही शिकलेलंच नसतं.

११. आई शेक घे म्हणते, डॉक्टर बर्फ म्हणतात. कुणाचं ऐकू?

जास्त काम झाल्यावर ठणकत असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. सकाळी हात आखडलेला वाटत असेल तर कोमट शेकानेही बरं वाटतं. दोन्हींनी आराम पडतो, बोगदा दोन्हींनी रुंद होत नाही, त्यामुळे यावरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

जोरात चोळणं मात्र टाळा. दुखऱ्या उंचवट्यावर अंगठा रोवून "गाठ फोडणाऱ्या" मालिशीनंतर हात सुजून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तिथे फुटण्यासारखी गाठ नसते. त्वचेखालून एक बारीक नस मात्र जाते, तिला मार बसला तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा येतो.

१२. अंगावर पाजतेय. गोळी, मलम, इंजेक्शन चालेल का?

आयब्युप्रोफेन स्तनपानात साधारणपणे चालणारं औषध आहे, पण पित्त, दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मलम लावत असाल तर मनगट बाळाच्या तोंडाला आणि गालाला लागतं हे लक्षात ठेवा. लावून लगेच बाळ घेऊ नका.

पकड बदलून आणि पट्टा लावून चार-सहा आठवड्यांत फरक नसेल, किंवा कळ इतकी की बाळ हातातून सुटायची भीती वाटते, तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. बहुतेकांना त्याने चांगला आराम मिळतो. दूध पाजणं साधारणपणे थांबवावं लागत नाही. क्वचित काही दिवस दूध कमी झाल्याचं आढळतं, म्हणून पाजत असल्याचं सांगूनच घ्या. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं. त्या जागची त्वचा फिकट होऊ शकते किंवा खालची चरबी विरून खळगा पडू शकतो, आणि सावळ्या हातावर तो डाग उठून दिसतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. ती घरी मोजा.

एका इंजेक्शनने काहीच झालं नाही, तर कधी प्रश्न ४ मधला पडदा आडवा आलेला असतो आणि औषध एकाच कप्प्यात गेलेलं असतं. अशा वेळी सोनोग्राफीत बघून दुसरं देतात. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवर येते. ती छोटी असते, हात बधिर करून बोगद्यावरची पट्टी मोकळी करतात, त्याच दिवशी घरी सोडतात. पण नंतर काही आठवडे बाळ उचलायला दुसरं कुणी लागतं. ते माणूस कोण, हे आधी ठरवा.

१३. बरं झालं होतं, सासरी आले आणि पुन्हा सुरू. असं का?

जागा बदलली म्हणून. मुक्ताचंही असंच झालं. मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा ती पुण्याला गेली. तिथे जमिनीवरची गादी नव्हती, कठडे असलेला नवा पलंग होता. मुलगी आता बसायची, हात वर करायची, आणि मुक्ता कठड्यावरून वाकून तिला काखेतून उचलू लागली. पाचव्या-सहाव्या दिवशी कळ परत आली. तिने ताईंना फोन केला. ताईंनी दुखण्याबद्दल विचारलंच नाही, "आता बाळ कुठे झोपतं?" एवढंच विचारलं. पलंगाचा एका बाजूचा कठडा खाली घेता येत होता. उचलताना आधी तो उतरवायचा, मग गुडघा टेकवून पुढच्या हातावर घ्यायचं. पट्टा आठवडाभर परत चढला.

घर, पलंग, बाळाचं वय किंवा बाळाला सांभाळणारं माणूस बदललं की उचलायची पद्धत नव्याने बघावी लागते. व्यायामाचंही इथेच सांगते: कळ असेपर्यंत ताण देणारे किंवा चेंडू दाबायचे व्यायाम नकोत. कळ गेल्यावर अंगठ्याची आणि मनगटाची हळुवार हालचाल, आणि त्यानंतर ताकदीचे व्यायाम, तेही कुणी तरी हात पाहून दिलेले.

१४. हे डी क्वेर्वेन नाही, असं कशावरून समजावं?

अंगठा, पहिलं आणि मधलं बोट यांत मुंग्या, रात्री हात झटकत उठावं लागणं: हे बहुधा कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबणं. तेही बाळंतपणाच्या आसपास होतं, पण त्याचा पट्टा वेगळा. हात टेकून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर एक्स-रे हवा, कारण अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या छोट्या हाडाची चीर सहज निसटते. दोन्ही हातांचे अनेक सांधे सुजलेले आणि सकाळी तासभर आखडलेले असतील तर संधिवाताची तपासणी करा. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो पहिल्यांदा डोकं वर काढू शकतो, आणि "हल्ली सगळ्या आयांचं दुखतं" म्हणून सोडून दिला जातो. लाली, गरमपणा आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

१५. माझं सिझेरियन झालंय. जमिनीवर बसून उठता येत नाही. मग प्रश्न ६ मधलं कसं करू?

तुमच्यासाठी जमिनीवरची गादी नाहीच. सिझेरियननंतर पोटावर भार नको म्हणून बायका पलंगाच्या कडेला बसून हात लांब करून बाळ ओढतात आणि टाके सांभाळता सांभाळता मनगट गमावतात. बाळाची झोपायची जागा तुमच्या पलंगाला लागून, त्याच उंचीला करा. कुशीवर वळा, बाळाला पुढच्या हाताने अंगाशी सरकवून घ्या, आणि शक्य तेव्हा आडवं राहूनच पाजा. झोप लागेल असं वाटलं तर आधी बाळाला त्याच्या जागी परत सरकवा. उभं राहून बाळ उचलायची वेळ पहिल्या आठवड्यांत दुसऱ्याने घ्यायची.

१६. जुळी आहेत. दोन्ही हात गुंतलेले असतात. काय करू?

दोघांना एकदम उचलू नका, हा नियम थोडा वेळ तरी पाळा. एक रडत असताना दुसरं उचलायचं म्हणजे एका हाताने काखेतून उचलणं आलंच, आणि जुळ्यांच्या आयांची मनगटं तिथेच जातात. दोघांना एकदम पाजायचं असेल तर आधी उशा लावून बसा आणि मग कुणी तरी एकेक बाळ आणून ठेवावं. एकट्या असाल तर दोन्ही बाळं पलंगावर तुमच्या दोन्ही बाजूंना, मागे भिंत आणि लोड, आणि एकेकाला सरकवत उशीवर घ्या. एकाला गळ्यातल्या बेबी कॅरियरमध्ये बांधून दुसऱ्यासाठी दोन्ही हात मोकळे ठेवता येतात, फक्त त्यात बाळाचा चेहरा तुम्हाला दिसत राहिला पाहिजे आणि हनुवटी छातीवर टेकता कामा नये. रडणारं दुसरं बाळ गादीवर सुरक्षित असेल तर एक मिनिट रडलं तरी चालतं. सासूबाईंना हे पटवायला माझं नाव सांगा.